एक्क्याण्णवावा दिवस

"काकू, जन्मतारीख सांगा."

"कागदावरची का खरी?"

रेवतीने लॅपटॉपवरून मान वर केली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सुमतीबाईंची तारीख १ जून लिहून टाकली होती. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. खरा जन्म भर पावसातला, एवढंच आईकडून कळलेलं. पण पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला, तेव्हा आता १ जूनच खरी.

टेबलावर कागदांचे ढीग लागले होते. जर्मनीच्या व्हिसाला काय काय लागतं त्याची यादी लेकीने, गौरीने, तिकडून पाठवली होती आणि चुलत बहिणीला, रेवतीला, कामाला लावलं होतं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहरा समोर, हसायचं नाही. ("हसू नका म्हटल्यावरच हसू येतं," असं सुमतीबाईंनी फोटोवाल्यालाही सुनावलं होतं.) निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा. जावयाने तिथल्या कचेरीत जाऊन खर्चाची हमी दिल्याचा कागद. तो आलेला असल्यामुळे बँकेचं काही दाखवायची गरज नाही, असं रेवतीचं म्हणणं.

"तरी माझं पासबुक लाव. रिकाम्या हाताने निघालेली नाही मी."

अडलं ते गौरीच्या जन्मदाखल्यापाशी. त्यावर आईचं नाव 'सुमन'. घरात सगळे सुमनच म्हणायचे. दवाखान्यात नाव सांगायला सासूबाई गेल्या आणि तोंडात होतं तेच सांगून आल्या. तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता मात्र पासपोर्टवरची सुमती ही गौरीची आई असल्याचा पुरावा कुठेच नव्हता.

"प्रतिज्ञापत्र करावं लागेल. सुमन आणि सुमती ही एकच व्यक्ती, असं."

"म्हणजे मीच मी आहे, हे शपथेवर सांगायचं?"

"हो. आणि नोटरीपुढे."

त्या खूप वेळ हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उद्याच जाऊ."

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात रेवतीने काही न विचारता खूण केली. काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत खालच्या फाइलीत सरकवली. सुमतीबाईंनी ती पुन्हा काढली, घडी सरळ केली आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाशेजारी ठेवली.

"परत येणार याचा पुरावा म्हणून हेच लावायचं ना? मग एकत्र राहू दे."

परतीचा पुरावा हा प्रकार त्यांना आधी अपमानासारखा वाटला होता. न यायला मी काय पळून चालले आहे? पण घरपट्टीची पावती शोधता शोधता त्यांचा सूर बदलला. घर त्यांच्या नावावर, पेन्शन इथे, गुडघ्याचे डॉक्टर इथे, शनिवारी ज्यांना गणित शिकवतात ती शेजारची दोन पोरं इथे.

"पोरांचं लिही की."

"काकू, त्याला कागद लागतो."

तेवढ्यात गौरीचा फोन आला. पडद्यावर आधी ओजसचं कपाळ, मग मीराचा अंगठा, मग गौरी. ओजस ऑगस्टच्या अखेरीस पहिलीत जाणार होता आणि आजीने शाळेपर्यंत यायचं, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आई, नव्वद दिवसांचाच माग. नियमात बसतं. विमानाचं आरक्षण पाठवलंय, १० जूनला पोचशील, ८ सप्टेंबरला परत. आणि ऐक, नंतर पुढचं बघू. तिथे एकटीने राहण्यात काय आहे आता?"

सुमतीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिने पाठवलेलं निमंत्रणपत्र उचललं आणि रेवतीला विचारलं, "पोचायचा दिवस धरतात?"

"धरतात. निघायचाही."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "जूनचे एकवीस. जुलैचे एकतीस, बावन्न. ऑगस्टचे एकतीस, त्र्याऐंशी. त्यात सप्टेंबरचे आठ." त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. "गौरी, एक्क्याण्णव होतात."

पलीकडे मोजदाद सुरू झाली. दोघी इंजिनीअर बोटं मोजत होत्या, एक तिकडे, एक इकडे.

"बाई गं! खरंच की."

"६ सप्टेंबरचं कर. एकोणनव्वद. एक दिवस हाताशी असू दे, विमानाचं काय सांगता येतं! विम्याच्या तारखाही बघ. आणि हे पत्र दुसरं लिही. यात तू 'आई आता आमच्यासोबत राहणार आहे' म्हटलंयस."

"आई, ते प्रेमाने लिहिलंय."

"कळतंय गं मला. पण त्या खिडकीतल्या माणसाला कसं कळेल? आई भेटायला येतेय, ६ तारखेला परत जाणार आहे, असं स्वच्छ लिही."

गौरी क्षणभर घुटमळली. "आणि खरंच जाणार?"

"पोरांची सहामाही असते गं. अपूर्णांकात कच्ची आहेत दोघं." मग त्यांनी फोन जवळ ओढला. "ओजसला दे. शाळा किती वाजता भरते विचारायचंय."