सुनीताताईंना पत्र, मराठीत आणि इंग्रजीतही

30 जानेवारी 2025

सुनीताताई,

उद्या तुमचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. समोर बसून हे बोलायला गेले तर मी रडेन आणि तुम्ही मलाच गप्प करत बसाल, म्हणून लिहूनच देते. पुढच्या घरी दाखवायला पण हेच उपयोगी पडावं असं वाटतं, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही सविस्तर लिहिल्यात, कंटाळू नका. शेवटी इंग्रजीतलं आहे पण अक्षरं आपलीच ठेवलीत, फोनवर कुणी इंग्रजीत विचारलं तर तुमचं तुम्हालाच वाचून दाखवता येईल, मुलगी कॉलेजातून यायची वाट बघायला नको.

आधी सरळ माहिती. तुम्ही 1 ऑगस्ट 2022 पासून 31 जानेवारी 2025 पर्यंत, म्हणजे अडीच वर्षं, बाबांची केअरटेकर म्हणून आमच्याकडे होतात, सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याला एक सुट्टी. काम सुटतंय ते आमच्यामुळे, बाबांना आता दादा त्याच्याकडे नेतोय. हे मुद्दाम लिहिलंय, कारण पुढचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की आधीचं काम का सोडलं.

तुम्ही आलात तेव्हा बाबांना स्ट्रोक होऊन सहा आठवडे झाले होते. उजवा हातपाय गेलेला, वय 78, बोलायला गेले की एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा आणि मग स्वतःवरच चिडायचे. आम्हाला काही म्हणजे काही येत नव्हतं. शर्ट घालताना आम्ही चांगला हात आधी घालायचो आणि मग दुसऱ्या हाताशी कुस्ती, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, लुळा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. एवढंच! दोन मिनिटांत शर्ट. खुर्चीवर घेताना खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, उजव्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही नाहीतर खांदा निखळतो, हे फिजिओने सांगितलेलं पण रोज न चुकता पाळलं तुम्हीच. आम्ही घाईत विसरायचो आणि तुमची एक नजर पुरायची.

बाबा पहिले पाच महिने जवळजवळ पलंगावरच होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड बघायचं, चादरीची घडी राहू द्यायची नाही. एकही बेडसोर झाला नाही, एकही, आणि रात्री आम्ही ते करायचो ते सुद्धा तुम्ही लावून दिलेल्या अलार्मवर. पाणी त्यांना दाट करूनच द्यायचं, पाठ सरळ, हनुवटी थोडी खाली, एक घोट गिळला की मगच पुढचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाहुणे म्हणायचे, अहो किती वेळ लावता. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तेवढाच वेळ लावलात.

पण मला खरं सांगायचंय ते त्या गोळीबद्दल. तिसऱ्या महिन्यात एकदा संध्याकाळची बीपीची गोळी राहिली, आणि रात्री दहाला तुमचा फोन आला, "ताई, काकांची सातची गोळी माझ्याकडून राहिली, डब्यात बघा." मी डबा उघडला तर गोळी तिथेच. डॉक्टरांना विचारलं, दिली, आणि सकाळी डबल द्यायची नाही असं त्यांनी बजावलं, विषय संपला. तुम्ही फोन केला नसता तर मला वाटतं कुणालाच कळलं नसतं, सकाळी तुम्हीच पहिल्या येणार होतात आणि डबा तुमच्याच हातात असायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही शंभरपानी वही आणलीत आणि वर लिहिलंत, काल गोळी राहिली, चूक माझी. तिथून ती वही सुरू झाली. बीपी, शुगर, लघवी, शौच, किती खाल्लं, मूड कसा, सगळं झालं तसं. "आज काका रागावले, मी पण रागावले" असं पण एका पानावर आहे. डॉक्टर शेवटी शेवटी माझ्याकडे बघायचेच नाहीत, थेट वही मागायचे.

कुणाला घरात माणूस ठेवायचा असेल तर मी एवढंच सांगेन, या बाई चूक लपवत नाहीत. बाकीचं शिकवता येतं.

तुम्ही काय करत नाही ते पण लिहिते, नंतर गैरसमज नकोत. तुम्ही नर्स नाही, इंजेक्शन देत नाही, कॅथेटर बदलत नाही, आणि कितीही गळ घातली तरी नाहीच म्हणता. आधी मला याचा राग यायचा, आता बरं वाटतं. आणि हो, फोनवर तुमचा आवाज जरा मोठा असतो, बाबा झोपल्यावर तुम्ही गॅलरीत जाऊन बोलायचात तरी ऐकू यायचा. हे पण खरंच आहे म्हणून लिहिलं.

आमचं पण चुकलं. किती वेळा मला ऑफिसातून यायला नऊ वाजले आणि तुम्ही थांबलात, पहिल्या वर्षी तर त्याचे वेगळे पैसे द्यायचं सुद्धा आम्हाला सुचलं नाही, तुम्हीच एकदा स्पष्ट बोललात तेव्हा कळलं. बोललात ते फार चांगलं केलंत, पुढच्या घरी पहिल्याच दिवशी बोला.

बाबा आता काठी घेऊन हॉलपर्यंत जातात आणि "सुनीता" हे नाव नीट म्हणतात. माझं अजून अर्धंच येतं.

तुमची,
अनघा, आणि आई, दादा, बाबा

खालचं इंग्रजीतलं:

टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न

मिसेस सुनीता वर्क्ड इन अवर होम ॲज अ फुल-टाइम डे केअरटेकर फॉर माय फादर फ्रॉम 1 ऑगस्ट 2022 टू 31 जानेवारी 2025. ही हॅड अ स्ट्रोक विथ राइट-साइड वीकनेस अँड लॉस ऑफ स्पीच. शी हँडल्ड हिज बाथिंग, ड्रेसिंग, फीडिंग, पोझिशनिंग, व्हीलचेअर ट्रान्स्फर्स अँड डेली एक्सरसाइजेस, अँड गेव्ह हिज टॅब्लेट्स ॲज प्रिस्क्राइब्ड. ही नेव्हर हॅड अ बेडसोर इन हर केअर. शी केप्ट अ डेली रिटन रेकॉर्ड विच हिज डॉक्टर रिलाइड ऑन. शी इज ऑनेस्ट, पंक्च्युअल अँड पेशंट, अँड रिपोर्ट्स हर ओन मिस्टेक्स विदाउट बीइंग आस्क्ड. शी डझ नॉट गिव्ह इंजेक्शन्स ऑर डू नर्सिंग प्रोसीजर्स. शी इज लीव्हिंग ओन्ली बिकॉज माय फादर इज मूव्हिंग टू माय ब्रदर्स होम. वी वुड हायर हर अगेन. यू मे कॉल मी. शी हॅज माय नंबर.

अनघा, डॉटर ऑफ द पेशंट

ता.क. पाचवी वही बाबांबरोबर दादाकडे जाईल, तिकडच्या बाईंना लागेल. पहिल्या चार मी ठेवून घेतल्यात, विचारलं नाही तुम्हाला.