गच्चीच्या गळतीबद्दल सोसायटीला पुन्हा दिलेलं पत्र

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई 400081

विषय : गच्चीतून फ्लॅट क्र. 702 मध्ये होणारी गळती. जूनमधल्या पत्राऐवजी हे पत्र नोंदवून घ्यावे.

नमस्कार,

जूनमधलं पत्र मला माझ्या भाच्याने लिहून दिलं होतं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ वगैरे. समितीनेही त्याच थाटात उत्तर दिलं : ‘आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.’ ते यथावकाश माझ्या छतातून रोज टपकतंय. म्हणून हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. मागण्या त्याच आहेत. मी संतापलेली आहे, तेवढं मात्र या वेळी लपवलेलं नाही.

आधी घरात काय चाललंय ते सांगते, कारण समितीपैकी कोणी अजून वर येऊन पाहिलेलं नाही. मागच्या बेडरूमच्या छताचं प्लास्टर फुगून एका कोपऱ्यात पडलंय, आतली सळई दिसते, तिला गंज चढलाय. ते प्लास्टर सासूबाईंच्या उशीजवळ पडलं. त्या 82 वर्षांच्या आहेत. नशिबाने तेव्हा त्या बाथरूममध्ये होत्या. आता त्यांचा पलंग हॉलमध्ये आहे, आणि हॉलमध्ये पंख्याच्या दांडीवरून पाणी उतरतं. जोराची सर आली की आम्ही मेन स्विच बंद करून अंधारात बसतो. मुलगी यंदा दहावीला आहे, ती अभ्यासाला खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे जाते. कपाटाच्या मागे बुरशी आहे, घरभर ओलसर कुबट वास आहे. पाहुण्यांना या म्हणायची लाज वाटते.

सोसायटीचं म्हणणं असं की ही ‘इंटर्नल लीकेज’ आहे, मेंबरने आपल्या खर्चाने बघावं. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावर कोणाचं बाथरूम नाही, मोरी नाही, फक्त सोसायटीची गच्ची आहे. उघडीप मिळाली की पाणी थांबतं आणि पाऊस लागला की सुरू होतं. नळाचं पाणी पाऊस बघून गळत नाही. उपविधींमध्ये याबद्दल गोंधळ नाही : फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाची, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरचे सामाईक पाइप संस्थेचे. मी दुरुस्ती-निधीची वर्गणी दर महिन्याच्या बिलात भरते ती यासाठीच.

गच्ची कशाने गळायला लागली, हेही सगळ्यांना माहीत आहे. गेल्या कोजागरीला मांडवाचे पाइप उभे करायला ब्रिकबॅट कोब्यात ड्रिल मारून भोकं पाडली. मी तेव्हाच वर जाऊन सांगितलं होतं, तर ‘ताई, एवढ्याने काय होतंय, सिमेंट भरून टाकू’ असं उत्तर मिळालं. दूध मीही प्यायले, कार्यक्रम करू नका असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. भोकं बुजवली ती वरवर. त्यातलं सिमेंट उन्हाळ्यात निघून आलं. त्यात पाणी वाहून न्यायच्या पाइपांच्या तोंडावर कुंड्यांची माती आणि पाला साचलाय, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही गच्चीवर तळं राहतं.

‘यंदा पाऊस लवकर आला, म्हणून काम राहिलं’ हे सचिवांनी जिन्यात सांगितलं. खरं आहे, यंदा मुंबईत मान्सून 26 मेलाच आला. पण एरवीची तारीख 11 जून आहे. म्हणजे गेले ते दोन आठवडे. त्याआधीचा हिवाळा आणि सगळा उन्हाळा हातात होता. वॉटरप्रूफिंगचा ठराव मागच्या वार्षिक सभेत मंजूर झालेला होता, मी स्वतः हात वर केला होता. त्या काळात काम झालं ते लॉबीत ग्रॅनाइट बसवायचं. ग्रॅनाइट छान दिसतं. ते गच्चीच्या आधी का, याचं उत्तर मला हवं आहे, आणि ते लेखी हवं आहे.

आता मागण्या. भर पावसात पक्कं वॉटरप्रूफिंग होत नाही, हे मला कळतं. ते आत्ता करा असं मी म्हणत नाही. या आठवड्यात एवढं करा : गच्चीवरच्या पाइपांची तोंडं साफ करून पाणी काढा, आमच्या फ्लॅटच्या वरच्या भागावर जाड ताडपत्री नीट दाबून घाला, आणि इलेक्ट्रिशियन पाठवून पंख्याच्या व दिव्यांच्या जोडण्या तपासून घ्या. शेवटची गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही. त्यात जिवाला धोका आहे, आणि हे मी तुम्हाला लेखी कळवलेलं आहे.

पाऊस संपताच जुना कोबा तपासून गच्चीचं पूर्ण काम व्हावं. नुसतं भोकांवर डांबर फासून भागणार नाही. काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्यावी, आणि ती माझ्यासमोर घ्यावी. आमच्या छताची दुरुस्ती व रंग संस्थेच्या खर्चाने. शिवाय इमारत 1989 ची आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. ते झालं असेल तर अहवालाची प्रत द्या. नसेल तर उघडी पडलेली सळई हे पुरेसं कारण आहे.

‘मेंटेनन्स बंद करा, मग हलतील’ असा सल्ला मला बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांनी दिला. मी बंद करणार नाही. थकबाकीदार ठरून व्याज भरत बसायचं आणि मूळ तक्रार बाजूला पडायची, हे मला नको आहे. बिल वेळेवर भरत राहीन आणि तेवढ्याच नेमाने विचारत राहीन.

उपविधींप्रमाणे हा अर्ज समितीच्या येत्या सभेत घेऊन त्यापुढच्या 15 दिवसांत निर्णय मला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर मी टी विभागाच्या उपनिबंधकांकडे अर्ज करीन, आणि गरज पडली तर सहकार न्यायालयातही जाईन. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर गणपतीची आरती केली त्यांच्याविरुद्ध कागद घेऊन उभं राहायची मला हौस नाही. पण सासूबाईंना पुन्हा त्या खोलीत झोपवायची माझी हिंमत नाही, आणि या दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी काय निवडीन ते तुम्हाला सांगायला नको.

ग्रुपवर ‘सगळ्यांच्याच घरात थोडं पाणी येतं, ॲडजस्ट करा’ असं लिहिणाऱ्यांनी संध्याकाळी सातनंतर कधीही वर यावं. चहा मिळेल. बादल्या तेवढ्या ओलांडून या.

छताचे, पंख्याचे आणि गच्चीवरच्या भोकांचे तारीखवार फोटो सोबत जोडले आहेत. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का करून पोच आजच द्यावी. वॉचमनजवळ ठेवलेलं पत्र मागच्या वेळी आठवडाभर टेबलावरच होतं.

आपली,
अंजली साळवी
सभासद, फ्लॅट क्र. 702