नळ आले त्या दिवशी

भूषण चाकणच्या कंपनीत होता तेव्हा त्याला टाइप करायचा भारी कंटाळा. बसच्या रांगेत, जेवायच्या सुट्टीत, रूमवर कुकर लावता लावता तो बटण दाबायचा, बोलायचा आणि सोडून द्यायचा. "माय, माले आज उशीर हुई." "माय, डाळले किती शिट्या?" "माय, कळण्याचं पीठ सरी गयं, कोणी येत असलं तर धाड." असं सगळं बोलणं विमलबाईंच्या फोनमध्ये साठून राहिलं होतं. तेव्हा त्या एकदा ऐकून उत्तर द्यायच्या आणि कामाला लागायच्या. पुन्हा ऐकावं असं त्यात काही आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

तो जर्मनीला, स्टुटगार्टला गेला आणि बोलणं रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आलं. चेहरा दिसायचा, मागची पांढरी भिंत दिसायची. तब्येत कशी आहे, आप्पांच्या गोळ्या आणल्या का, पैसे जमा झाले का, सगळं तो नीट विचारायचा. खोलीत दुसरं कोणी असलं की अहिराणी सोडून पुस्तकातलं मराठी बोलायचा. काळजी होती त्यात, नाही असं नाही. पण विमलबाईंनी काही विचारलं की "हो, केलं", "हो, आहे", "नको, मिळतं इथे". वांगी कशी भाजायची, हेसुद्धा त्याने कुठल्याशा व्हिडिओत बघून घेतलं होतं. मुलगा शहाणा झाला, त्याचं त्याला करता येतं, याचा त्यांना आनंदच होता. तरी कॉल संपला की दोन्ही हात रिकामे झाल्यासारखे वाटायचे.

मग दुपारी आप्पा आडवे झाले की त्या ओट्यावर बसून जुनं बोलणं लावायच्या.

त्यात एक डाळीचं होतं. "माय, पानी जास्त पडनं, आते काय करू?" एवढं म्हणतो तोच कुकरची शिट्टी होते. तो दचकतो, काहीतरी खाली पडतं, आणि मग म्हणतो, "थांब, थांब जरा." कोणाला थांब म्हणाला? पुण्यातल्या त्या खोलीत तो एकटाच होता. त्याची माय अमळनेरला. पण असा म्हणाला, की पदर खोचून त्या बाजूलाच उभ्या आहेत. त्या "थांब"साठी विमलबाई ते बोलणं लावायच्या. जाऊबाई म्हणायच्या, "वो बाई, तेच तेच काय ऐकतेस? नवीन काही बोलत नाही का तो?" विमलबाई नुसत्या हसायच्या. तो नवीन बोलत होता. पण काही मागत नव्हता, हे जाऊबाईंना कसं समजावून सांगायचं?

श्रावण लागला. नागपंचमी झाली आणि कानबाईचा रविवार तोंडावर आला. कानबाई म्हणजे देवीचा सण; त्यासाठी घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढायचं, गोधड्या-चादरी धुवायच्या, भिंती पुसायच्या. खान्देशातलं माणूस कुठंही नोकरीला असो, कानबाईला गाव गाठतं. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू काढायचे असतात. विमलबाईंनी आप्पांच्या नावाची मूठ काढली, भूषणच्या नावाची काढली. माणूस लांब आहे म्हणून मूठ चुकवायची नसते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मोटरने दगा दिला.

नळ कधी सकाळी येत, कधी अवेळी. त्या दिवशी साडेसहाला आले. हौद भरला. आप्पा कपाशीवर फवारणी करायला पहाटेच शेतात गेलेले. विमलबाईंनी बटण दाबलं. मोटर घुमली, घुमतच राहिली. वर टाकीत पाण्याचा थेंब नाही. शेजारी हाक मारावी तर त्यांचंही पाणी भरणं चाललेलं.

आणि त्यांना आठवलं. या मोटरबद्दल भूषण बोलला होता. पुण्याहून, मागे एकदा अशीच अडली होती तेव्हा. त्या वेळी शेजारचा मुलगा आला, त्याने काय केलं कोण जाणे, मोटर सुरू झाली आणि भूषणचं बोलणं अर्धंच ऐकून राहिलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि वर वर सरकवत, थांबून थांबून, ते शोधून काढलं.

"माय, पहिले बटन बंद कर. बंद करं का?"

"करं रे भो," त्या म्हणाल्या आणि घाईने बटण बंद केलं.

"आते मोटरना वर एक बोल्ट शे, पान्हा लाईसन तो खोल."

त्यांनी बोलणं तिथेच थांबवलं. पान्हा आप्पांच्या पिशवीत सापडला. बोल्ट गंजलेला. दोनदा पान्हा निसटला, तिसऱ्यांदा बोल्ट करकरला आणि फिरला.

"त्याम्हा तांब्यावरी पानी वत. बुडबुडा येतीन, येऊ दे. हवा शे ती. बुडबुडा बंद व्हतस तोवर वतत ऱ्हाय."

तांब्यातलं पाणी भोकात जाईना, बाजूने सांडू लागलं. मग त्यांनी रॉकेल ओतायची जुनी चाडी शोधली. चाडीतून ओतलं तसं आतून बुड् बुड् आवाज आला आणि हवा निघू लागली. एक तांब्या, दुसरा तांब्या. बुडबुडे बारीक झाले, थांबले, पाणी काठाशी येऊन स्थिर राहिलं.

"मंग बोल्ट आवळ अन् चालू कर. जमनं का सांग."

बटण दाबताच मोटरचा आवाज बदलला. मघाचं पोकळ घुमणं जाऊन दाट, भरलेला आवाज आला. भिंतीवरचा पाइप थरथरला आणि वर टाकीत धो धो पाणी पडू लागलं.

विमलबाई हौदाच्या कडेला टेकल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. "जमनं का सांग" असं तो म्हणाला होता आणि त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तेच जुनं बोलणं बोटाने सरकवलं, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "जमनं."

तिकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले असतील. उत्तर दुपारी आलं. कॉल नव्हता, बोलणं होतं. मागे ट्रामचा आवाज, कोणीतरी बाई जर्मनमध्ये काही सांगत होती.

"माय, काय जमनं? हाई तर लई जुनं शे... मोटर का? तू एकटीनी करं? आप्पा कोठे व्हतात?" मग तो मोठ्याने हसला. कितीतरी दिवसांनी असा, पोट धरून. "पण हवा घेस म्हंजे पाइपना खालना फूटवाल गळस तो. नवी मोटर ले, पैसा धाडस मी."

विमलबाईंनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. बोल्ट कसा गंजला होता, चाडी कुठे सापडली, जाऊबाईंच्या गोधड्या कशा वाळत पडल्यात, त्याच्या नावाची मूठ काढली, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पैसा नको. नवी मोटर बी नको. फूटवाल कोणता आणू ते सांग."

लगेच उत्तर आलं. "पाइप एक इंची शे का सव्वा? माले याद नही. मोजीसन सांग, मंग सांगस."

संध्याकाळी आप्पा शेतातून आले तर विमलबाई शिवणाची टेप घेऊन हौदात वाकलेल्या.

"काय करी राहिनी वं?"

"विजेरी धरा जरा इकडे," त्या आतूनच म्हणाल्या. "भूषणले माप पाहिजे."