मासिक मृत्यू आढावा: ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत वॉर्डमध्ये झालेला मृत्यू
मेडिसिन विभाग, सोलापूर. सप्टेंबर महिन्याची बैठक, शुक्रवार दुपारी 2 ते 3

स्लाइड 1: सुरुवातीला

महिन्यातल्या सगळ्या मृत्यूंच्या फायलींची युनिटवार छाननी झाली आहे. त्यातला एकच मृत्यू आज सविस्तर मांडत आहे. रुग्णाचे नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि तारखा काढल्या आहेत. डॉक्टर किंवा सिस्टर यांचीही नावे नाहीत, फक्त पदे आहेत. मांडणी 20 मिनिटे, चर्चा 30 मिनिटे आणि शेवटची 10 मिनिटे निर्णय लिहून घेण्यासाठी. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, भूलशास्त्राचे प्रतिनिधी आणि अपघात विभागाचे वैद्यकीय अधिकारी चर्चेला हजर आहेत. त्यांच्याशिवाय ही चर्चा अर्धवट राहिली असती.

प्रकरण मेडिकोलीगल आहे. पोलिसांना कळवले होते, शवविच्छेदन झाले, व्हिसेरा राखून ठेवला आहे. त्यामुळे ही स्लाइड किंवा तिचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

स्लाइड 2: रुग्ण

46 वर्षांचा पुरुष, वजन सुमारे 60 किलो. सांगोला तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागेत मजूर. मधुमेह, रक्तदाब, दमा नाही. फवारणीचे औषध बागेतल्या शेडमध्ये पाण्याच्या बाटलीत काढून ठेवले होते. तहान लागली म्हणून ती बाटली तोंडाला लावली आणि एक-दोन घोट गेले. नातेवाइकांनी मूळ डबा सोबत आणला होता: क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण. डबा आणल्यामुळे निदानाला एक मिनिटही वाया गेले नाही, याची नोंद घ्यावी.

स्लाइड 3: घटनाक्रम

डाव्या रकान्यात घड्याळाची वेळ, उजव्या रकान्यात विष पोटात गेल्यापासूनचे तास. या केसमध्ये उजवा रकाना जास्त महत्त्वाचा आहे.

| वेळ | तास | काय झाले |
|---|---|---|
| दिवस 1, 11:00 | 0 | औषध प्यायले. उलटी, घाम, तोंडाला फेस |
| 11:40 | 0.7 | ग्रामीण रुग्णालय. कपडे काढून अंग धुतले, ॲट्रोपीन सुरू, 108 ने रवाना |
| 14:10 | 3 | आपला अपघात विभाग. बाहुल्या टाचणीएवढ्या, दोन्ही फुफ्फुसांत घरघर, नाडी 54 |
| 15:30 | 4.5 | आयसीयू |
| दिवस 3, 10:30 | 47.5 | पुरुष मेडिसिन वॉर्डमध्ये शिफ्ट. शेरा: "स्टेबल" |
| 19:15 | 56 | पत्नी सिस्टरना म्हणाली, "ह्यांची मान धरंना झालीय. पाणी पाजलं की ठसका लागतोय." |
| 23:30 | 60.5 | अस्वस्थ, नळ्या ओढतो, घाम. नाडी 118 |
| दिवस 4, 00:10 | 61 | लोराझेपाम 2 मिलिग्रॅम शिरेतून |
| 02:40 | 63.7 | श्वास जेमतेम, प्रतिसाद नाही. सीपीआर सुरू |
| 02:58 | 64 | श्वासनलिकेत ट्यूब |
| 03:35 | 64.6 | मृत घोषित |

स्लाइड 4: जे बरोबर झाले

अपघात विभागात ॲट्रोपीन दुप्पट करत नेले: 0.6 मिलिग्रॅमचे 3 अँप्युल, पाच मिनिटांनी 6, पुढच्या पाच मिनिटांनी 12. एकूण 21 अँप्युल, म्हणजे 12.6 मिलिग्रॅम. छाती स्वच्छ झाली, काखा कोरड्या पडल्या, नाडी 96 वर आली. एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला, या हिशेबाने 2 मिलिग्रॅम तासाला इन्फ्युजन लावले. प्रालिडॉक्सिम 30 मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे 1.8 ग्रॅम अर्ध्या तासात, आणि नंतर 8 मिलिग्रॅम प्रति किलो दर तासाला. पहिल्या चोवीस तासांच्या उपचारात आढावा समितीला काहीही दोष सापडलेला नाही.

स्लाइड 5: मृत्यू कशाने झाला

ही स्लाइड सावकाश पाहावी. पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

हा इंटरमिजिएट सिंड्रोम होता. 1987 मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियाद्दे यांनी त्याचे वर्णन केले. विषबाधेनंतर साधारण 24 ते 96 तासांत, म्हणजे घाम-लाळ-घरघर ओसरल्यावर आणि घरचे निर्धास्त झाल्यावर, तो येतो. स्नायू आणि चेता जिथे जुळतात तिथे ॲसिटिलकोलीन साचून राहते आणि स्नायू दुबळे होत जातात. क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी मान पुढे उचलणारे स्नायू, मग डोळे-चेहरा-गिळणे, खांदे आणि मांड्या, आणि शेवटी श्वासाचे स्नायू.

ॲट्रोपीन मस्करिनिक परिणाम थांबवते. स्नायूंच्या या दुबळेपणावर त्याचा काहीही उपयोग नाही. उपचार एकच: वेळेत ट्यूब आणि व्हेंटिलेटर, बहुधा एक ते तीन आठवडे. त्यानंतर स्नायू परत काम करू लागतात. म्हणूनच हा मृत्यू मनाला जास्त लागतो.

पत्नीने 56 व्या तासाला आजाराचे पहिले आणि दुसरे लक्षण तिच्या शब्दांत अचूक सांगितले होते. नर्सिंग नोंदीत ते "नातेवाईक म्हणतात अशक्तपणा आहे" असे उतरले. डॉक्टरांच्या नोंदीत आलेच नाही.

स्लाइड 6: रात्री 23:30 ला काय दिसत होते

अस्वस्थतेचे निदान "ॲट्रोपीन डिलिरियम" असे लिहिले गेले. ते बसते का?

ॲट्रोपीन जास्त झाले तर अंग तापलेले आणि कोरडे, बाहुल्या मोठ्या, आतड्यांचा आवाज नाही, लघवी तुंबलेली. या रुग्णाच्या त्याच वेळच्या नोंदी: तापमान 37 अंश, कपाळावर आणि काखेत घाम, बाहुल्या 3 मिलिमीटर, आतड्यांचा आवाज आहे. एकही गोष्ट जुळत नाही. घाम, वाढलेली नाडी आणि धडपड हे कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचे चित्र होते. त्यावर लोराझेपाम दिल्याने उरलासुरला श्वासही मंदावला.

सॅच्युरेशन 97 होते. मग कळले कसे नाही? कारण मास्कवर 5 लिटर ऑक्सिजन चालू होता. श्वास उथळ झाला तरी ऑक्सिजन भरपूर मिळत असल्याने सॅच्युरेशन बराच वेळ टिकते आणि कार्बन डायऑक्साइड मात्र चढत राहतो. पल्स ऑक्सिमीटर श्वासाचे मोजमाप करत नाही. 02:44 चा रक्तवायू अहवाल: पीएच 7.04, कार्बन डायऑक्साइड 98. बायकार्बोनेट 26, म्हणजे मूत्रपिंडांना भरपाई करायला वेळच मिळाला नव्हता.

श्वासाची गती सलग चार नोंदींत 20 लिहिली आहे. चार वेळा अगदी 20 येत नाही. ती मोजलेली नाही. सर्वच वॉर्डांच्या चार्टवर हा आकडा दिसतो, त्यामुळे एका सिस्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या रात्री वॉर्डमध्ये 38 रुग्णांमागे एक सिस्टर होत्या.

स्लाइड 7: कुठे कुठे निसटले

शिफ्ट करताना ॲट्रोपीन 0.6 मिलिग्रॅम तासाला चालूच होते, विषबाधेला 48 तासही झाले नव्हते आणि मान तपासल्याची नोंद नाही. आयसीयूत खाटेसाठी दोन रुग्ण थांबले होते, हे खरे. पण "स्टेबल" या एका शब्दाने धोक्याचे पुढचे दोन दिवस झाकले गेले. हस्तांतर तोंडी झाले. रात्रीच्या निवासी डॉक्टरांपर्यंत "पॉयझनिंग, सुधारतोय" एवढेच पोहोचले. खाट दाराजवळ, 31 नंबरची, सिस्टरांच्या टेबलावरून न दिसणारी.

इमर्जन्सी ट्रॉलीवरच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा मंद होता आणि सुटे सेल कुलूपबंद कपाटात होते. दुसरा लॅरिंगोस्कोप मामांनी शेजारच्या वॉर्डमधून आणला. 02:40 ते 02:58 या अठरा मिनिटांतली सहा त्यात गेली. तोवर बॅग-मास्कने श्वास देणे चालू होते, तरीही सहा मिनिटे ही सहा मिनिटेच.

भूलशास्त्राची सूचना इथेच जोडतो: अशा रुग्णाला ट्यूब टाकताना सक्सिनिलकोलीन टाळावे. कोलिनेस्टरेज दबलेले असल्याने त्याचा परिणाम खूप लांबतो.

स्लाइड 8: मृत्यूचे प्रमाणपत्र

फॉर्म 4 च्या पहिल्या मसुद्यात (अ) ओळीवर "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट" होते. ती मरणाची रीत आहे, कारण नव्हे. दुरुस्त क्रम: (अ) श्वसन स्नायूंच्या दुबळेपणामुळे श्वसन निकामी होणे, (ब) इंटरमिजिएट सिंड्रोम, (क) ऑर्गनोफॉस्फेट विषबाधा, अपघाती. अंतिम मत रासायनिक विश्लेषणानंतर.

स्लाइड 9: समितीचे मत

टाळता येण्याजोगा मृत्यू. 19:15 ते 23:30 या सव्वाचार तासांत मान तपासली असती किंवा रक्तवायू तपासणी झाली असती तर ट्यूब वेळेत पडली असती.

स्लाइड 10: आजपासून काय बदलते

प्रत्येक ऑर्गनोफॉस्फेट रुग्णाच्या केसपेपरवर विष घेतल्याची वेळ आणि 96 वा तास लाल शाईने लिहायचा. तोवर दर दोन तासांनी दोन तपासण्या, एकूण एक मिनिटाच्या:

मान: उताणे झोपवून, उशी काढून, डोके उचलून धरायला सांगा. 5 सेकंद टिकले पाहिजे. कपाळावर दोन बोटांनी हलका दाब दिला तरी मान पडू नये.

एका श्वासात मोजणी: खोल श्वास घेऊन मोठ्याने, साधारण सेकंदाला दोन अंक या गतीने. 25 च्या खाली आले तर डॉक्टरांना कळवा, 15 च्या खाली आले तर थेट आयसीयूला फोन करा. रुग्णाला त्याच्या भाषेत मोजू द्या. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा किंवा शहरातला तेलुगू बोलणारा रुग्ण मराठीत अडखळला तर तो दुबळेपणा धरला जाईल. आणि आकडा कितीही असो, मागच्या तपासणीपेक्षा घसरत असेल तर तोच इशारा समजा.

अस्वस्थ रुग्णाला झोपेचे इंजेक्शन मान तपासल्याशिवाय आणि रक्तवायू अहवाल पाहिल्याशिवाय नाही. वरिष्ठ निवासींची सही लागेल.

आयसीयूतून शिफ्टसाठी: ॲट्रोपीन बंद होऊन 24 तास, मान 5 सेकंद, मोजणी 25 च्या वर. खाटेच्या टंचाईमुळे याआधी शिफ्ट करावेच लागले तर सिस्टरांच्या टेबलासमोरच्या 1 ते 4 पैकीच खाट, आणि लेखी हस्तांतर. जबाबदारी आयसीयूच्या वरिष्ठ निवासींची.

नातेवाइकांना दाखल करतानाच सांगायचे: मान धरवेना, गिळवेना, डोळे उघडवेनात, आवाज बसला, यातले काहीही दिसले तर लगेच सांगा. सिस्टरांनी ते त्यांच्याच शब्दांत लिहून डॉक्टरांना फोन करायचा. फलक मराठी आणि कन्नडमध्ये, इनचार्ज सिस्टर सोमवारपर्यंत लावतील.

ट्रॉलीची तपासणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला: दिवा पेटवून पाहायचा, सुटे सेल ट्रॉलीवरच, सही आणि वेळ. रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरसाठी विभागप्रमुखांचे पत्र आज संध्याकाळपर्यंत अधिष्ठाता कार्यालयात जाईल.

स्लाइड 11: पडताळणी

ऑक्टोबरच्या बैठकीत पहिली पाच मिनिटे याच केससाठी. महिन्यात दाखल झालेल्या प्रत्येक ऑर्गनोफॉस्फेट रुग्णाचा चार्ट द्वितीय वर्षाचे निवासी आणतील आणि तीन गोष्टी मोजतील: मानेच्या नोंदी दर दोन तासांनी आहेत का, श्वासाची गती पुन्हा सगळीकडे 20 आहे का, आणि कोणाला अहवालाशिवाय लोराझेपाम गेले का.