आठची गोळी

रविवारी सई कळव्याला मामाकडे राहिली आणि रात्री आठची गोळी चुकली. एपिलेप्सीचं निदान होऊन जेमतेम महिना झाला होता. शाळेत फक्त तन्वीला माहीत होतं. ठाण्यात, तलावपाळीला फेरी मारताना सईनं एकदाच सगळं सांगितलं होतं, खालच्या मानेनं.

सोमवारी मधल्या सुट्टीत डबा उघडतानाच सई बाकावरून घसरली. हातपाय झटके देऊ लागले.

"कांदा आणा! चप्पल हुंगवा!" ओंकारनं धावत येऊन तिचे हात दाबून धरले.

"सोड तिला! आणि तोंडात काही घालू नका, चमचा नको, पाणीही नको." तन्वीनं बाक बाजूला ढकलले, पीटीच्या टी-शर्टची घडी सईच्या डोक्याखाली सरकवली, टाय सैल केला. "बाईंना बोलव. ओंकार, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८."

ओंकार मिनिटं मोजत राहिला. दोन मिनिटांत झटके थांबले. दोघांनी तिला अलगद कुशीवर वळवलं. गालावरून लाळ ओघळली, श्वास संथ झाला. तन्वी तिथंच बसून राहिली, बाई आल्या तरी.

सईनं डोळे उघडले. आपल्याला सगळे बघतायत, हे कळायला तिला बराच वेळ लागला. मग रडू फुटलं.

"हात दुखले का गं?" ओंकारनं विचारलं. "मी उगाच धरले."

"आठवत नाही."

"रात्री आठला मेसेज करू? गोळीसाठी?" तन्वीनं विचारलं.

सईनं नाक पुसलं. "पावणेआठला कर. जेवायला बसते तेव्हा."