फ्री लूक काळात पॉलिसी रद्द करून प्रीमियम परत मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 27 जानेवारी 2026
सातारा

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
जीवन विमा कंपनी, सातारा शाखा

विषय : पॉलिसी क्र. 70418826 फ्री लूक काळात रद्द करून भरलेले रु. 1,00,000 परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी शैलजा दत्तात्रय जाधव, वय 63, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वरील पॉलिसी माझ्या नावावर आहे. 26 डिसेंबर 2025 रोजी माझ्या बचत खात्यातून तिचा पहिला हप्ता रु. 1,00,000 वळता झाला. ही पॉलिसी मला नको आहे. ती रद्द करून रक्कम परत करावी, यासाठी हा अर्ज.

मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला मी बँकेत गेले होते. तिथे बसणाऱ्या आपल्या प्रतिनिधीने मला सांगितले की, ‘मॅडम, हीपण एफडीच आहे, फक्त व्याज जास्त. एकदाच भरायचे, पाच वर्षांनी काढायचे.’ पॉलिसी हातात आल्यावर पाहते तो दरवर्षी एक लाख, तेही दहा वर्षे, आणि मुदत वीस वर्षांची. म्हणजे पैसे हाती यायचे तेव्हा मी 83 वर्षांची असेन. माझे निवृत्तिवेतन महिन्याला 31,000 रुपये आहे. त्यातला चौथा हिस्सा आणि वर थोडे दरवर्षी या हप्त्यात जाणार.

सोबत जोडलेल्या प्रस्ताव अर्जाच्या प्रतीत माझा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न नऊ लाख असे लिहिले आहे. यातले काहीही मी सांगितलेले नाही. ईमेलच्या रकान्यात जो पत्ता आहे, तोही माझा किंवा माझ्या घरातल्या कोणाचा नाही. अर्जातील मोबाईल क्रमांक तेवढा माझा आहे.

या ईमेलमुळे मुदतीचा वाद निघू नये म्हणून स्पष्ट लिहिते. पॉलिसीची छापील प्रत मला स्पीड पोस्टाने 14 जानेवारीला मिळाली. पाकीट तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवले आहे. ई-पॉलिसी 2 जानेवारीला पाठवल्याचे आपल्या मदत केंद्राचे म्हणणे आहे. ते ग्राह्य धरले तरी आज पंचविसावा दिवस आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांची मुभा असते. कोणत्याही तारखेपासून मोजा, मी मुदतीत आहे.

दुसरी गोष्ट. काउंटरवर मला जो फॉर्म दिला गेला, त्यावर ‘सरेंडर’ असे छापले होते. तो मी भरलेला नाही आणि भरणारही नाही. मी पॉलिसी सरेंडर करत नसून फ्री लूकचा हक्क वापरत आहे. दोन्हींत मिळणाऱ्या रकमेत किती फरक पडतो, हे आपल्याला सांगायची गरज नसावी. काउंटरवरच्या मुलाचा यात दोष नसेलही, पण माझ्या अर्जाची नोंद सरेंडर म्हणून होता कामा नये.

नियमानुसार जोखीम संरक्षणाच्या दिवसांपुरता प्रमाणशीर जोखीम हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढीच वजावट करता येते. माझी वैद्यकीय तपासणी झालेली नाही. दहा लाखांच्या विमा रकमेवर मुद्रांक शुल्क 200 रुपये असल्याचे पॉलिसीवरच छापले आहे. जोखीम हप्ता किती कापला, याचा हिशेब लेखी द्यावा. या पॉलिसीवर मी कोणताही दावा केलेला नाही.

उरलेली रक्कम ज्या खात्यातून हप्ता गेला त्याच खात्यात, शेवटचे चार अंक 4417, अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत जमा करावी. पुढच्या हप्त्यांसाठी बँकेत नोंदवलेला ऑटो डेबिटचा आदेशही रद्द करून तसे कळवावे.

गेल्या आठवड्यापासून प्रतिनिधी आणि त्यांचे साहेब आलटून पालटून फोन करत आहेत : ‘मार्चपर्यंत थांबा, दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो.’ मला थांबायचे नाही आणि दुसरा प्लॅनही नको. यापुढे जे सांगायचे ते लेखी सांगावे.

सात दिवसांत रक्कम न आल्यास मी आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवीन. त्यानंतर महिन्याभरात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. प्रस्ताव अर्जात खोटी माहिती कोणी भरली, याची चौकशी आपण करावीच. परंतु परतावा त्या चौकशीसाठी अडवून ठेवू नये.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही करून पोच द्यावी.

आपली विश्वासू,
शैलजा दत्तात्रय जाधव

सोबत : मूळ पॉलिसी दस्तऐवज, प्रस्ताव अर्जाची प्रत, पहिल्या हप्त्याची पावती, स्पीड पोस्ट पाकिटाची छायाप्रत, रद्द केलेला धनादेश, पॅन कार्ड व निवृत्तिवेतन आदेशाची प्रत.