चार वर्षांच्या लेकीच्या हृदयासाठी: अजून १,८५,००० रुपये हवेत

खानापूर तालुक्यातली ही चिमुरडी अंगणात चार पावलं पळाली की उकिडवी बसते. ओठ, नखं निळी पडतात. आजी म्हणायची, ‘थंडी बाधली असंल.’ इकोत निघालं टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हृदयाचा जन्मजात दोष. ऑपरेशन १८ तारखेला बेळगावात आहे.

हॉस्पिटलचा अंदाज ३,२०,००० रुपये. वडील कौलांच्या कारखान्यात रोजंदारीवर, पण रेशनकार्ड एपीएल (का, ते विचारू नका!), म्हणून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकातून पॅकेजच्या ३० टक्केच, म्हणजे ६०,००० मंजूर. घरच्यांनी आईच्या पाटल्या मोडून, उसनवारी करून ७५,००० जमवले.

आमचे दोन विश्वस्त घरी जाऊन आले. इको रिपोर्ट, शिक्क्याचं अंदाजपत्रक, कार्ड आणि मंजुरीपत्र मूळ प्रतीत पाहिलंय. मुलीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

फोटोवरचा क्यूआर स्कॅन करा, ट्रस्टचंच नाव दिसतंय ना ते बघूनच पैसे पाठवा. चेक थेट हॉस्पिटलच्या नावेही चालेल, ट्रस्टच्या कार्यालयात द्या. ट्रस्टच्या नावे दिलेल्या देणगीवर ८०जी करसवलतीची पावती हवी असेल तर पॅन कळवा. २,००० वरच्या रोखीला ती सवलत नाही. रक्कम पुरी झाली की क्यूआर काढून टाकू, बिलही इथंच लावू.